स्कॅल्पिंग सुरू करण्याआधी: पन्नास पैशांच्या सौद्यात तुमच्या हातात किती उरतं?

डोंबिवली-ठाण्याकडच्या ओळखीतली दोन-तीन मुलं दर महिन्याला मला एकच प्रश्न विचारतात: "स्कॅल्पिंग करायचंय, कुठला इंडिकेटर लावू?" मी स्वतः बरीच वर्षं इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकण्याचे सौदे करतोय आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. इंडिकेटर नंतर बघू, आधी एका सौद्याचा खर्च कागदावर मांडून दाखवा. स्कॅल्पिंग म्हणजे काही सेकंद किंवा एक-दोन मिनिटांत आत-बाहेर होणारा सौदा, आणि त्यात दिशा बरोबर ओळखूनही पैसे जाऊ शकतात. कारण कमाई पैशांमध्ये असते आणि खर्चही पैशांमध्येच असतो. हा हिशेब कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हे टप्पे लिहून काढले.

इथे मी फक्त एकच प्रकार घेतोय: एनएसईच्या कॅश मार्केटमध्ये एका मोठ्या कंपनीच्या शेअरचा इंट्राडे सौदा. ऑप्शनमध्ये स्कॅल्पिंग करणारे जास्त आहेत हे मला माहीत आहे. पण कॅशमधला हिशेब एकदा बोटांवर बसला की ऑप्शनचा समजायला वेळ लागत नाही. उलट्या क्रमाने शिकणारे मात्र गोंधळतात.

आधी हे जवळ असू द्या

- पॅन कार्ड, मोबाइलला जोडलेलं आधार, बँक खात्याचा पुरावा (रद्द केलेला चेक किंवा स्टेटमेंट) आणि सहीचा नमुना. कॅशसाठी एवढं पुरतं. एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन सुरू करायचं असेल तर उत्पन्नाचा पुरावाही मागतात, बहुधा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा आयकर रिटर्न.
- ब्रोकरचं दरपत्रक, त्यांच्या वेबसाइटवरून उतरवून घेतलेलं. फोनवर कुणी सांगितलेला दर चालणार नाही.
- लॅपटॉप, घरचं वायर्ड इंटरनेट आणि ते बंद पडलं तर फोनचा हॉटस्पॉट. पावसाळ्यात दोन्हींची गरज पडते.
- एक वही किंवा साधी एक्सेल शीट.

## 1. दरपत्रक वाचा आणि "तीन पैसे" म्हणजे काय ते विचारा

मुंबईत अजूनही बरेच जण ओळखीच्या सब-ब्रोकरकडे खातं उघडतात. तिथे दर तोंडी सांगतात: "इंट्राडेला तीन पैसे, डिलिव्हरीला तीस पैसे." नवीन माणसाला वाटतं, एका शेअरमागे तीन पैसे. तसं नसतं. ते शंभर रुपयांच्या उलाढालीमागे तीन पैसे असतात, म्हणजे 0.03 टक्के, आणि तेही घेताना वेगळे, विकताना वेगळे. 800 रुपयांच्या शेअरवर हे एका बाजूला 24 पैसे होतात आणि दोन्ही बाजू मिळून 48.

डिस्काउंट ब्रोकरकडे साधारण "0.03 टक्के किंवा 20 रुपये, जे कमी असेल ते" असा दर असतो. त्यातला "जे कमी असेल ते" हा भाग फार महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी तो नसतो आणि ऑर्डर कितीही लहान असली तरी सरळ 20 रुपये लागतात. काही सब-ब्रोकरांकडे शेअरमागे किमान दलाली ठरलेली असते, आणि ती स्वस्त शेअरवर भयंकर पडते. म्हणून विचारायचे प्रश्न तीन: दलालीला वरची मर्यादा आहे का, खालची मर्यादा आहे का, आणि ती ऑर्डरमागे आहे की शेअरमागे?

आणखी एक गोष्ट दरपत्रकात बारीक अक्षरात असते. तुम्ही स्वतः पोझिशन बंद केली नाही तर ब्रोकरची यंत्रणा बाजार संपण्याच्या थोडं आधी ती बंद करते आणि त्याचं वेगळं शुल्क लावते. फोन करून ऑर्डर टाकली तरी शुल्क लागतं. स्कॅल्पिंगमध्ये असं एक शुल्क चार-पाच चांगल्या सौद्यांची कमाई खाऊन टाकतं.

## 2. एक सौदा पूर्ण मांडा

आता वही घ्या. एक शेअर 800 रुपयांना आहे. तुमच्याकडे 50,000 रुपये आहेत. इंट्राडेला साधारण 20 टक्के मार्जिन लागतं, म्हणजे 40,000 रुपयांवर तुम्ही 2 लाखांचा सौदा करू शकता. तुम्ही 250 शेअर 800 रुपयांना घेतले आणि मिनिटाभरात 800.50 ला विकले. दिशा बरोबर निघाली. ढोबळ नफा 125 रुपये.

आता खर्च, 20 रुपयांची मर्यादा असलेल्या ब्रोकरकडे:

- दलाली: 20 आणि 20, एकूण 40 रुपये
- एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर: इंट्राडेला फक्त विकण्याच्या बाजूवर 0.025 टक्के, म्हणजे 50 रुपये
- एक्स्चेंजचं शुल्क: दोन्ही बाजूंच्या 4 लाखांच्या उलाढालीवर सुमारे 12 रुपये
- स्टॅम्प ड्युटी: फक्त घेण्याच्या बाजूवर 0.003 टक्के, म्हणजे 6 रुपये
- सेबीचं शुल्क: कोटीला 10 रुपये, म्हणजे इथे 40 पैसे
- जीएसटी: दलाली, एक्स्चेंज आणि सेबी शुल्कावर 18 टक्के, म्हणजे सुमारे 9 रुपये 40 पैसे

बेरीज जवळपास 118 रुपये. 125 मधून 118 गेले, हातात 7 रुपये उरले.

118 ला 250 ने भागा. एका शेअरमागे 47 पैसे येतात. ही तुमची ना-नफा-ना-तोटा रेषा आहे. भाव 47 पैसे तुमच्या बाजूने गेला तरी तुम्ही अजून शून्यावरच आहात. रिक्षाचं किमान भाडं जसं दोन गल्ल्या सोडून उतरलात तरी पूर्ण द्यावं लागतं, तसं हे आहे. अंतर जितकं लहान तितका तो आकडा टोचतो.

मर्यादा नसलेल्या "तीन पैसे"वाल्या ब्रोकरकडे हाच सौदा मांडला तर दलाली 120 रुपये होते, जीएसटीही वाढतो आणि एकूण खर्च सुमारे 212 वर जातो. म्हणजे शेअरमागे 85 पैसे. तिथे हा बरोबर निघालेला सौदा 87 रुपयांच्या तोट्यात बंद होतो.

मग शून्य दलालीवाला ब्रोकर शोधावा का? तेही करून बघा. दलाली आणि तिच्यावरचा जीएसटी काढून टाकला तरी बाकीचे खर्च मिळून उलाढालीच्या एका बाजूवर सुमारे 0.0355 टक्के राहतात. 800 च्या शेअरवर ते 28 पैसे होतात. हा तळ आहे. याखाली कुठलाही ब्रोकर तुम्हाला नेऊ शकत नाही, कारण यातला मोठा वाटा एसटीटीचा आहे आणि तो सरकारकडे जातो. संख्या वाढवली तर 20 रुपयांची दलाली जास्त शेअरवर पसरते, पण 28 पैशांचा तळ हलत नाही. म्हणून या शेअरमध्ये वीस-पंचवीस पैशांसाठी सौदा करण्यात अर्थच नाही. कितीही पटाईत माणूस असो.

हे दर बदलतात, हेही लक्षात ठेवा. ऑप्शन विकतानाचा एसटीटी 1 ऑक्टोबर 2024 ला प्रीमियमच्या, म्हणजे ऑप्शनच्या भावाच्या 0.0625 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर गेला. त्या दिवसापासूनच एक्स्चेंजची शुल्कंही सगळ्यांना एकसारखी झाली आणि मोठ्या उलाढालीच्या ब्रोकरांना मिळणारा स्वस्त दर बंद झाला. ज्या पद्धती आदल्या दिवशीपर्यंत जेमतेम नफ्यात होत्या, त्या दुसऱ्या दिवशी तोट्यात गेल्या. प्रत्येक अर्थसंकल्पानंतर आणि ब्रोकरच्या प्रत्येक परिपत्रकानंतर हा हिशेब ताज्या दराने पुन्हा मांडा.

## 3. स्प्रेड मोजा, अंदाज करू नका

वरच्या हिशेबात मी एक सोपं गृहीत धरलं: तुम्हाला 800 लाच मिळाले आणि 800.50 लाच विकले गेले. प्रत्यक्षात स्क्रीनवर एक भाव नसतो, दोन असतात. घ्यायला तयार असलेल्याचा बिड आणि विकायला तयार असलेल्याचा आस्क. मधलं अंतर म्हणजे स्प्रेड. तुम्हाला ताबडतोब हवं असेल तर वरच्या भावाने घ्यावं लागतं आणि खालच्या भावाने विकावं लागतं. म्हणजे सौद्यात शिरताक्षणी तुम्ही स्प्रेडएवढे मागे असता.

स्प्रेड किती लहान होऊ शकतो याला टिक साइजची, म्हणजे भाव कमीत कमी जितक्या पैशांनी हलू शकतो त्याची मर्यादा असते. एनएसईवर एप्रिल 2025 पासून ती शेअरच्या भावानुसार ठरते. 250 रुपयांच्या आत 1 पैसा, त्यावर 1,000 पर्यंत 5 पैसे, 5,000 पर्यंत 10 पैसे, आणि पुढे वाढत जाते. आपल्या 800 च्या शेअरमध्ये सर्वांत लहान स्प्रेड 5 पैशांचा. तो मिळाला तर 250 शेअरला साडेबारा रुपये. पण तोच 20 पैशांचा झाला तर 50 रुपये, म्हणजे पूर्ण एसटीटीइतकी रक्कम, आणि ही कुठल्याही पावतीवर लिहिलेली नसते.

मोजायचं असं. एक शेअर निवडा, निफ्टी 50 मधला, रोज भरपूर उलाढाल असलेला. मार्केट डेप्थ उघडा. तिथे दोन्ही बाजूंचे पहिले पाच भाव आणि प्रत्येक भावाला उभी असलेली संख्या दिसते. एक आठवडा एकही सौदा न करता दिवसातून तीन वेळा नोंद करा: सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ, दुपारी बारा ते एक आणि दुपारी अडीचनंतर. प्रत्येक वेळी दहा नोंदी पुरेत. बिड, आस्क, आणि पहिल्या आस्कला किती शेअर उभे आहेत, एवढंच लिहायचं.

आठवड्याने वही बोलायला लागते. बाजार उघडल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत स्प्रेड रुंद असतो आणि पहिल्या भावाला माल कमी असतो. दुपारी स्प्रेड अरुंद असतो, पण भावाची हालचालच इतकी कमी की 47 पैशांची रेषा ओलांडायला वाट बघावी लागते. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला जाहीर होतं, त्या दिवशी बँकांच्या शेअरमध्ये दहाच्या आसपास डेप्थ बघा. ऑर्डरी काढून घेतल्या जातात आणि स्प्रेड डोळ्यांदेखत फाकतो. अशा वेळी चार्टवरची मोठी कँडल खुणावते, पण ती कँडल ज्या भावांनी बनली त्या भावांना तुम्हाला माल मिळाला असता का, हे चार्ट सांगत नाही.

पहिल्या आस्कला किती शेअर आहेत, हा आकडा लोक विसरतात. तिथे 80 शेअर असतील आणि तुम्ही 250 ची मार्केट ऑर्डर टाकली, तर उरलेले 170 पुढच्या, महाग भावांनी मिळतात.

आणि हो, ॲपमध्ये एनएसई निवडलंय ना ते बघा. तोच शेअर बीएसईवरही असतो, पण कॅशमध्ये बहुतेक शेअरची उलाढाल तिथे कमी आणि स्प्रेड रुंद. त्याहून वाईट म्हणजे एनएसईवर घेऊन चुकून बीएसईवर विकला तर सौदा मिटत नाही, दोन स्वतंत्र उघड्या पोझिशन तयार होतात. वॉचलिस्टमध्ये एकाच एक्स्चेंजचे शेअर ठेवा.

## 4. ऑर्डरचा प्रकार ठरवा

मार्केट ऑर्डर लगेच भरली जाते, पण कुठल्या भावाला ते तुमच्या हातात नसतं. स्कॅल्पिंगमध्ये हे परवडत नाही.

आस्कला किंवा एक-दोन टिक वर लावलेली लिमिट ऑर्डर हा माझ्या मते नवशिक्याचा योग्य पर्याय. आस्क 800 आहे, तुम्ही 800.05 ची लिमिट लावली. माल असेल तर लगेच मिळतो आणि भाव पळाला तर ऑर्डर तशीच राहते. तिच्या मागे धावायचं नाही, रद्द करायची.

बिडला लावून थांबलेली लिमिट ऑर्डर कागदावर सर्वांत स्वस्त दिसते, कारण स्प्रेड वाचतो. इथे एक सापळा आहे आणि तो उशिरा कळतो. एनएसईवर आधी भाव आणि मग वेळ या क्रमाने ऑर्डर भरली जाते. 799.95 ला तुमच्या आधी हजारो शेअरची रांग उभी असते. तुमचा नंबर लागतो तेव्हा पुढची सगळी रांग संपलेली असते, म्हणजे कुणीतरी जोरात विकत आलेलं असतं आणि भाव बहुधा अजून खाली जाणार असतो. उलट भाव तिथूनच वर गेला तर तुमची ऑर्डर भरलीच जात नाही. त्यामुळे चुकीचे सौदे सगळे मिळतात आणि बरोबर सौद्यांतले बरेच हुकतात. तुमच्या वहीत "ऑर्डर भरली नाही आणि भाव हव्या त्या दिशेला गेला" असा एक रकाना ठेवा. तो भरत चालला की समजा, वाचवलेला स्प्रेड दुसरीकडून वसूल होतोय. काही परदेशी बाजारांत अशी ऑर्डर लावून थांबणाऱ्याला एक्स्चेंज थोडी परतफेड देतं. आपल्याकडे कॅशमध्ये तसं नाही, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडे हिशेब करू नका.

स्टॉपलॉसचंही तसंच. ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला ही तोटा थांबवणारी ऑर्डर जागी होते तो, आणि लिमिट एकाच भावाला लावले तर भाव उडी मारून पुढे जातो आणि ऑर्डर तशीच लोंबकळत राहते. ट्रिगर 799.00 असेल तर लिमिट 798.70 सारखी थोडी खाली ठेवा आणि ते 30 पैसे तुमच्या तोट्यात आधीच धरा.

इंट्राडेत आधी विकून नंतर घेणार असाल तर एक जास्तीची काळजी. शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या भावाच्या वरच्या मर्यादेला लागला तर विकणाराच उरत नाही, तुम्हाला परत घेता येत नाही आणि प्रकरण एक्स्चेंजच्या लिलावात जातं. तिथला भाव आणि दंड मिळून लहान खातं साफ होऊ शकतं. सुरुवातीचे काही महिने फक्त एफ अँड ओ यादीतल्या शेअरमध्येच शॉर्ट करा, त्यांना ठरावीक सर्किट नसतं.

## 5. वेग कुठे जातो ते तपासा

"मी कुर्ल्यात राहतो, बीकेसी दहा मिनिटांवर, माझी ऑर्डर लवकर पोचेल," असं एकाने मला अगदी मनापासून सांगितलं होतं. एनएसई बीकेसीत आहे हे खरं. पण तुमची ऑर्डर तुमच्या घरातून थेट तिथे जात नाही. ती आधी ब्रोकरच्या सर्व्हरकडे जाते, तिथे मार्जिन आणि जोखमीची तपासणी होते, मग एक्स्चेंजकडे जाते. परतीचा निरोपही त्याच वाटेने. कुर्ल्यातला आणि नागपूरचा माणूस यांच्यात पडणारा फरक या वाटेत बुडून जातो.

ज्यांना खरोखर जवळ असायचं असतं, त्या संस्था एक्स्चेंजच्या आवारात को-लोकेशनमध्ये आपले सर्व्हर ठेवतात आणि ऑर्डर बुकातला प्रत्येक बदल त्यांना लगेच मिळतो. तुमच्या ॲपवर जे दिसतं ते सेकंदातून काही वेळा येणारे फोटो असतात, मधले बदल गाळलेले. म्हणून बातमी आल्याच्या पहिल्या सेकंदावर, किंवा दोन एक्स्चेंजमधल्या भावफरकावर स्कॅल्पिंग करायचा विचार सोडून द्या. ते काम माणसाच्या बोटांचं नाही.

तुमच्या हातात आहे ते एवढंच: तुमच्या बाजूचा उशीर मोजणं आणि तो कमी ठेवणं. त्याची चाचणी अशी घ्या. दहा शेअरचे सौदे करा, कमाईसाठी नाही, मोजण्यासाठी. "0.03 टक्के किंवा 20, जे कमी" असा दर असेल तर 8,000 रुपयांच्या सौद्याचा सगळा खर्च साडेआठ रुपयांच्या आसपास येतो. सरळ 20 रुपये घेणाऱ्याकडे तोच खर्च 50 रुपयांपर्यंत जातो, तिथे ही चाचणी करू नका. प्रत्येक वेळी बटण दाबताना दिसलेला आस्क लिहा आणि ट्रेड बुकात मिळालेला भाव लिहा. फरक म्हणजे स्लिपेज. घरच्या वायर्ड नेटवर वेगळे वीस, फोनवर वेगळे वीस सौदे नोंदवले की सरासरी दिसू लागते.

समजा सरासरी स्लिपेज प्रत्येक बाजूला 10 पैसे निघालं. 250 शेअरवर ते दोन्ही बाजू मिळून 50 रुपये. 118 मध्ये मिळवा, 168 झाले, आणि तुमची रेषा 47 वरून 67 पैशांवर सरकली. दहा शेअर सहज मिळतात, 250 तितके सहज मिळत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच धरा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. लोकलमध्ये स्कॅल्पिंग करू नका. कल्याणहून दादरला येताना मधे नेटवर्क जातं, तेव्हा तुमची पोझिशन उघडी असते आणि स्क्रीनवरचा भाव गोठलेला असतो. तो गोठलाय हे कळतही नाही, कारण जुना आकडा तसाच दिसत राहतो. लांबच्या मुदतीच्या सौद्याला दोन मिनिटांनी फरक पडत नाही, तुमचा अख्खा सौदाच दोन मिनिटांचा आहे. ब्रोकरचा डीलिंग डेस्कचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि घरचं नेट गेलं तर पहिलं काम पोझिशन बंद करणं, कारण शोधणं नंतर.

## 6. टार्गेट आणि स्टॉपलॉस खर्चासकट ठरवा

आता दोन आकडे हाताशी आहेत, खर्च आणि स्लिपेज. सोपं राहावं म्हणून फक्त 118 रुपये धरू.

50 पैशांचं टार्गेट, 50 पैशांचा स्टॉपलॉस. जिंकलात तर 7 रुपये. हरलात तर 125 अधिक 118, म्हणजे 243 रुपये. शून्यावर राहण्यासाठी शंभरातले सत्याण्णवहून जास्त सौदे जिंकावे लागतील. हे कुणाला जमत नाही.

2 रुपयांचं टार्गेट, 1 रुपयाचा स्टॉपलॉस. जिंकलात तर 500 वजा 118, म्हणजे 382. हरलात तर 250 अधिक 118, म्हणजे 368. इथे शंभरात सुमारे 49 सौदे बरोबर आले की बरोबरी. खर्च नसता तर 33 पुरले असते. तरीही 49 हा माणसाच्या आवाक्यातला आकडा आहे. म्हणून मी नवीन माणसाला सांगतो, 800 च्या शेअरमध्ये दीड-दोन रुपयांच्या आतलं टार्गेट लावू नका. त्याला कुणी स्कॅल्पिंग म्हणो न म्हणो.

अर्धी-अर्धी विक्री करायची सवय असेल तर तीही मोजा. एक ऑर्डर बाजारात तुकड्यांनी भरली गेली तर दलाली एकदाच लागते. पण तुम्हीच बाहेर पडताना तीन वेगळ्या ऑर्डरी टाकल्या तर दलाली तीनदा. प्रत्येक जास्तीच्या ऑर्डरला जीएसटीसकट 23 रुपये 60 पैसे.

स्वस्त ऑप्शनकडे वळणाऱ्यांसाठी याच टप्प्यात एक इशारा. 4 रुपयांच्या प्रीमियममध्ये 5 पैशांची एक टिक म्हणजेच सव्वा टक्का. दोन टिकचा स्प्रेड असेल तर शिरताना अडीच टक्के गेले, बाकीचे खर्च अजून बाजूलाच आहेत.

## 7. दिवसाच्या सौद्यांना संख्या ठरवा

118 रुपयांचा सौदा दिवसातून वीस वेळा केला तर खर्च 2,360 रुपये. महिन्यात वीस दिवस बाजार धरा, 47,200 रुपये. तुमचं भांडवल होतं 50,000. म्हणजे एका महिन्यात जवळपास सगळं भांडवल फक्त खर्चात फिरतं, आणि कमाईने आधी ते भरून काढायचं असतं. पाचपट मार्जिनमुळे हे घडतं: सौदा 2 लाखांचा, खर्चही 2 लाखांवरचा, पण तो जातो तुमच्या 50,000 मधून.

सेबीने जुलै 2024 मध्ये कॅशमधल्या इंट्राडेवर अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 मध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षात 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 80 टक्के होतं. तोटा झालेल्यांनी तोट्याच्या वर आणखी 57 टक्के रक्कम सौद्यांच्या खर्चात घालवली. वीस सौद्यांच्या हिशेबाने 500 चा आकडा तुम्ही पंचवीस दिवसांत ओलांडाल. सुरुवातीला दिवसाला तीन सौदे पुरेत, चौथा दिसला तर वहीत लिहा आणि बघत बसा.

याच टप्प्यावर कुणीतरी तुम्हाला सुचवेल की "एसटीटी नाही, स्टॅम्प ड्युटी नाही, मार्जिन शंभरपट." हा डब्बा. तुमची ऑर्डर एक्स्चेंजला जातच नाही, समोरचा माणूस स्वतःच्या वहीत लिहितो. ते बेकायदा आहे, आणि जिंकलात तर पैसे मागायला कुठेच जाता येत नाही. परदेशी चलनावर स्कॅल्पिंग करून देणारी चकचकीत ॲपही तपासा. रिझर्व्ह बँकेने परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची सावधानतेची यादी आपल्या वेबसाइटवर ठेवलेली आहे.

## 8. रोज संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट जुळवा

सौद्याच्या दिवशी ब्रोकर ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवतो. पासवर्ड बहुधा तुमचा पॅन असतो. ॲपवर हिरव्या अक्षरात दिसणारा नफा हा ढोबळ असतो, खर्च वजा न केलेला. खरा आकडा या नोटेच्या तळाशी असतो.

तुमच्या शीटमध्ये एका सौद्याला एक ओळ ठेवा: वेळ, दिसलेला भाव, मिळालेला भाव, संख्या, ढोबळ नफा किंवा तोटा, खर्च, निव्वळ. आठवड्याच्या शेवटी ढोबळ नफ्याची बेरीज आणि खर्चाची बेरीज शेजारी-शेजारी मांडा. ढोबळ नफाच उणे असेल तर तुमच्या सौदे निवडण्यात दोष आहे, ब्रोकर बदलून काही होणार नाही. ढोबळ अधिक आणि निव्वळ उणे असेल तर निवड ठीक आहे, पण टार्गेट लहान आहे किंवा सौदे जास्त आहेत. हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. दोन महिने निव्वळ अधिक राहिल्याशिवाय संख्या वाढवू नका, आणि वाढवाल तेव्हा स्लिपेज नव्याने मोजा.

## 9. रिटर्न भरायची तयारी मार्चआधी करा

शेअरच्या इंट्राडेची कमाई आयकरात सट्टा व्यवसायाचं उत्पन्न धरली जाते. त्यामुळे नोकरी असली तरी साधं रिटर्न चालत नाही, व्यवसायाचा फॉर्म, म्हणजे आयटीआर-3 भरावा लागतो. यातला तोटा पगारातून किंवा ऑप्शनच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त अशाच सट्टा नफ्यातून होतो, आणि चार वर्षं पुढे नेता येतो. पण पुढे न्यायचा असेल तर रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. दलाली, एसटीटी, इंटरनेट हे सगळं खर्चात दाखवता येतं. ब्रोकरच्या वेबसाइटवरून वर्षाचा टॅक्स पी अँड एल आणि सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. ब्रोकर मधेच बदललात तर जुनं खातं बंद करण्याआधीच हे करा, नंतर लॉगिनच चालत नाही.